जुने लाकूड आणि नवी फरशी

धाराशिव जिल्ह्यात जुने घर पाडले तरी त्यातले लाकूड सहसा टाकून दिले जात नाही. माळवदाच्या घराची रचनाच तशी होती: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कड्या आणि पाट, आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोहारा-उमरगा भागातल्या सास्तूर, होळी, पेठसांगवी यांसारख्या गावांत भिंती कोसळल्या, पण अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला. पुढे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. माळवद संपले, पण त्याचे लाकूड चौकटी, दारे, कपाटे, दिवाण आणि देव्हारे होऊन राहिले. जिथे भूकंपाचा फटका बसला नाही तिथेही वाडे उतरवताना हेच घडले. आता या घरांत दुसरा बदल चालू आहे. पहिली सिमेंटची जमीन किंवा उखडलेली फरशी काढून नवी घातली जाते, आणि टाईल्सच्या दुकानात पहिला प्रश्न येतो की घरातल्या लाकडी सामानाला कोणती फरशी शोभेल. दुकानदार बहुधा लाकडासारख्या दिसणाऱ्या टाईल्सची पट्टी पुढे करतो आणि म्हणतो, हिचा रंग तुमच्या कपाटाशी अगदी जुळतो. माझे म्हणणे असे की ज्या घरात जुने लाकूड आहे तिथे ही जुळवाजुळवच बहुतेक वेळा घोटाळा करते. तिथे रंगाची बरोबरी न शोधता अंतर शोधावे, आणि शक्यतो ते लाकडाच्या जातीबाहेर शोधावे.

हे पटण्यासाठी रंग म्हणजे नक्की काय काय असते ते आधी वेगळे करावे लागते. दोन लाकडांचा रंग जुळत नाही असे आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टींपैकी एक किंवा अधिक बिघडलेल्या असतात. एक म्हणजे उजळपणा: वस्तू किती फिकी किंवा किती गडद आहे. दुसरी छटा: तपकिरीच, पण पिवळ्याकडे झुकणारी, तांबूस, की राखाडी. तिसरी रंगाचा भडकपणा: तीच तांबूस छटा चहासारखी दबलेली असू शकते किंवा विटेसारखी ठसठशीत. दुकानात पट्टी हातात धरून आपण बहुतेक उजळपणा तेवढा तपासतो, कारण डोळ्याला तो सर्वांत आधी कळतो. कपाट गडद तर टाईल गडद, एवढे जुळले की काम झाले असे वाटते. घरी आल्यावर मात्र उजळपणा तोच आणि छटा वेगळी, अशी जोडी तयार होते आणि नेमकी हीच जोडी सर्वांत वाईट दिसते. गडद चॉकलेटी फरशीवर फिके आंब्याच्या लाकडाचे टेबल ठेवले तर ते वेगळे दिसते, पण खटकत नाही. तांबूस सागाच्या कपाटाखाली तेवढीच गडद पण पिवळसर फरशी आली की दोघांपैकी एकाचा रंग चुकल्यासारखा वाटतो. डोळ्याला मोठा फरक चालतो आणि अजिबात नसलेला फरकही चालतो. मधला, जेमतेम असलेला फरक त्याला चूक म्हणून दिसतो.

यामागे केवळ आवडनिवड नाही. फ्रान्सच्या मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचा-कारखान्यातील रंगाईचे काम होते. काळा धागा पुरेसा काळा येत नाही, अशी तिथे तक्रार होती. त्याने धागे तपासले तेव्हा रंगात दोष निघाला नाही. दोष शेजारी विणलेल्या रंगांत होता. त्यावर केलेले काम त्याने १८३९ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. त्याचे सार असे की शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना दूर ढकलतात. करड्याशेजारी नारिंगी आले तर करडा किंचित निळसर भासतो आणि नारिंगी अधिकच नारिंगी. म्हणजे प्रत्यक्षात जो फरक थोडा असतो तो शेजारामुळे वाढून दिसतो. लाखेचे पॉलिश असलेला जुना सागवानी देव्हारा आणि त्याखाली राखाडी ओक लाकडाचे चित्र छापलेली टाईल, ही आजची लोकप्रिय जोडी या नियमाचा चांगला नमुना आहे. दुकानात एकटी पाहिलेली टाईल शांत, धुरकट तपकिरी असते. देव्हाऱ्याखाली ती निळसर आणि थंड होते, आणि देव्हारा केशरी पडतो. घरातले लोक मग देव्हाऱ्यालाच दोष देतात, पॉलिश फार भडक झाले म्हणतात. पॉलिश पूर्वी होते तेच असते.

आता जुन्या लाकडाकडे वळू, कारण त्याला एकच एक रंग असतो हे गृहीतकच चुकीचे आहे. ताजा कापलेला साग हिरवट-पिवळसर असतो, त्यात गडद पट्टे उठून दिसतात. उजेड लागला की काही आठवड्यांत ते पट्टे मिसळू लागतात आणि लाकूड सोनेरी तपकिरी होते. बाभूळ, जी या भागात शेतीच्या अवजारांपासून खाटेच्या पायांपर्यंत सगळीकडे वापरली गेली, कापताना गाभ्यात गुलाबीसर असते आणि जुनी होताना गडद तांबूस होते. शिसव जांभळट तपकिरी असते, पण सतत ऊन लागणाऱ्या जागी ती उलट फिकी पडते. या मूळ रंगावर माणसाने चढवलेले थर येतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश स्वतःच नारिंगी असते, आणि त्याचे हात जितके जास्त तितका तो रंग चढतो. जवसाचे तेल वर्षांनुवर्षे पिवळे-तपकिरी होत जाते. आणि माळवदाच्या घरातल्या लाकडावर सर्वांत मोठा थर चुलीच्या धुराचा असतो. स्वयंपाकघराच्या वरच्या कड्या काळ्या, ओसरीच्या खांबाचा वरचा भाग तपकिरी, आणि पाठ-हात घासून गुळगुळीत झालेला खालचा भाग जवळजवळ मधाच्या रंगाचा, असा एकाच घरातल्या लाकडात तीन रंगांचा प्रवास दिसतो. अशा खांबाची फळी काढून कपाट केले तर सुताराने रंधा किती खोल मारला यावर त्याचा रंग ठरतो. मग या कपाटाच्या कुठल्या भागाशी फरशी जुळवायची?

दुसरी अडचण काळाची आहे. लाकूड बदलत राहते, छापलेली टाईल बदलत नाही. व्हिट्रिफाइड टाईलवरचे चित्र काचेसारख्या थरात भट्टीत भाजून पक्के झालेले असते. उन्हाने ते फिके होत नाही किंवा मुरत नाही. लॅमिनेटवरही छापील कागदावर संरक्षक थर असतो. समजा नव्या सागाचा दिवाण केला आणि त्याच आठवड्यात त्याच्याशी तंतोतंत जुळणारी टाईल घातली, तर सहा महिन्यांत दिवाण सोनेरीकडे सरकेल आणि टाईल तिथेच राहील. आज जुळलेली जोडी उद्या जेमतेम फरकाच्या त्या वाईट पट्ट्यात येऊन बसेल. जुने लाकूड तुलनेने स्थिरावलेले असते हे खरे, पण ते पुसले, घासले, पुन्हा पॉलिश केले की त्याचाही रंग हलतो. यात भर म्हणजे छापील लाकडाचे चित्र बहुधा ओक किंवा अक्रोडाचे असते. त्यातल्या मोठ्या गाठी आणि रेषांची ठेवण सागात किंवा बाभळीत तशी नसते. रंग कितीही जवळ आणला तरी दोन वेगळ्या झाडांच्या रेषा शेजारी येतात. शिवाय एका नमुन्यात चित्रे मोजकीच छापलेली असतात, त्यामुळे खोलीभर तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसू लागते. खऱ्या लाकडाच्या फळीशेजारी हे पटकन उघडे पडते, कारण तिथे तुलनेला अस्सल वस्तू उभीच असते. ज्या घरात एकही जुने लाकूड नाही तिथे हीच टाईल छान दिसू शकते.

मग फरशी कशाची असावी? उत्तरासाठी फार लांब जायला नको. हेच लाकूड पूर्वी कशावर उभे होते ते पाहावे. माळवदाच्या घरात आतली जमीन शेणाने सारवलेली असे: फिकट, हिरवट-मातकट, अजिबात न चमकणारी, भडकपणा जवळजवळ शून्य. ज्यांची ऐपत होती त्यांच्या ओसरीत आणि चौकात दगडी फरशी असे. त्या जमिनीवर काळा खांब, तांबूस चौरंग आणि पिवळसर पाट एकत्र नांदत. यात कोणी मुद्दाम रंगसंगती साधली नव्हती. तो काळ शहाणा होता असेही मला म्हणायचे नाही, दर काही दिवसांनी सारवण करणाऱ्या बाईचे कष्ट कोणी मोजले नाहीत. पण रंगाच्या दृष्टीने तिथे तीन गोष्टी आपोआप साधल्या होत्या: जमीन लाकडापेक्षा स्पष्टपणे उजळ होती, रंगाने दबलेली होती, आणि मुख्य म्हणजे ती लाकूड असल्याचे सोंग घेत नव्हती. डोळा लाकडाची तुलना लाकडाशी करतो. मातीशी किंवा दगडाशी तो तशी तुलना करत नाही, त्यांना तो पार्श्वभूमी समजतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. राखाडी छापील लाकूड देव्हाऱ्याला केशरी पाडते असे म्हटले, मग दगडी फरशी, समजा निळसर करडी शहाबादी, तेच का करणार नाही? शेव्ह्रलचा नियम दगडालाही लागू आहेच. करड्या शहाबादीवर लाखेचे पॉलिश थोडे अधिक तांबूस दिसतेच. फरक असा की तिथे हा तांबूसपणा लाकडाचा गुण वाटतो. छापील टाईलच्या शेजारी मात्र दोन लाकडांपैकी एक खोटे वाटते, आणि भडकपणा त्या खोटेपणाची साक्ष होतो. दुसरे म्हणजे दगडाचा रंग खूपच दबलेला असतो, त्यामुळे ढकलण्याची ताकद कमी. तरीही देव्हारा फार नारिंगी असेल तर अगदी निळ्याकडे झुकणारा दगड टाळून पिवळट झाक असलेला घ्यावा, हे मान्य.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावातली १२ बाय १५ फुटांची बैठक समजा. दार पूर्वेला, एक खिडकी दक्षिणेला. सामान तीन वस्तूंचे: माळवदाच्या तुळईतून काढलेल्या फळ्यांचे सागवानी कपाट, धुराने काळपट झालेले, लाखेच्या पॉलिशचा तांबूस देव्हारा, आणि बाभळीच्या पायांचा, सागाच्या फळीचा दिवाण, जो या दोन्हींच्या मधला. पर्याय म्हणून चार फरश्या आणल्या आहेत. पहिली मधाच्या रंगाची, लाकडाचे चित्र असलेली टाईल. ती दिवाणाच्या इतकी जवळ जाते की दिवाणाच्या फळीची कडा फरशीत विरघळते, पण पूर्ण जुळत नाही, आणि तिच्यावर काळे कपाट उगाच मळलेले वाटते. दुसरी राखाडी ओकच्या चित्राची, तिचे वर सांगितले. तिसरी काळी कडप्पा. तिच्यावर देव्हारा आणि दिवाण दोन्ही सुरेख उठतात, पण कपाट तळाशी फरशीत बुडते, आणि काळ्या मातीच्या प्रदेशात असूनही काळ्या चकचकीत फरशीवर पांढरी धूळ आणि पावलांचे ठसे सर्वांत आधी दिसतात. चौथी शहाबादी, घासलेली पण आरशासारखी न चमकवलेली, करडी आणि किंचित पिवळट झाक असलेली.

या चौथीवर तिन्ही वस्तू उभ्या केल्या की काय घडते ते लक्षात घेण्यासारखे आहे. कपाट, देव्हारा आणि दिवाण यांचे रंग एकमेकांशीही जुळत नाहीत, हे आधीपासूनच होते. मधाच्या रंगाच्या टाईलने त्यांच्यात चौथे लाकूड घुसवले आणि भांडण वाढवले. शहाबादीने मात्र तिघांनाही सारखेच अंतर दिले. तिन्ही वस्तू फरशीपेक्षा गडद, तिन्ही फरशीपेक्षा तांबूस. त्यामुळे त्या आता एका गटाच्या दिसतात, त्यांच्यातला फरक घरातल्या भावंडांच्या तोंडावळ्यातल्या फरकाइतका वाटतो. हीच या सगळ्या युक्तिवादाची गोम आहे: फरशीने एकेका वस्तूशी जुळू नये, सगळ्यांपासून एकाच दिशेने दूर असावे. याच कारणाने भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगही लाकडी रंगाची करू नये, ती त्याच दगडाची किंवा भिंतीच्या रंगाची असावी. नाही तर फरशीतून बाहेर काढलेले चौथे लाकूड खोलीभर पट्टी होऊन परत येते. शहाबादीच्या जागी पिवळट तांदूर किंवा तपकिरी कोटाही चालेल, पण तपकिरी कोटा घेताना दिवाणाच्या फळीशी त्याचा उजळपणा फार जवळ येत नाही ना, हे पाहावे लागते. शहाबाद आणि तांदूर दोन्ही धाराशिवपासून फार लांब नाहीत, एक शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, दुसरे तेलंगणात, त्यामुळे हा दगड इथल्या गवंड्यांच्या हाताखालचा आहे.

हा निर्णय दुकानात करता येत नाही, कारण रंग अर्धा वस्तूचा आणि अर्धा उजेडाचा असतो. आपल्याकडे बैठकीत बहुतेक पांढरा, निळसर झाकीचा एलईडी असतो, ज्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन असा आकडा असतो. या उजेडात लाकडातला तांबूसपणा दबतो आणि साग मरगळलेला, किंचित हिरवट दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तोच साग उबदार होतो, पण करडा दगडही पिवळा पडतो. दोन वस्तू एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फारकत घेतात हे रंगशास्त्रात जुने ज्ञान आहे, आणि छापील टाईल-लाकडाच्या जोडीत ते हमखास घडते, कारण दोघांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात. दुकानात लखलखीत पांढऱ्या उजेडात जुळलेली टाईल संध्याकाळी घरी न जुळण्याचे हे एक कारण. अंतर ठेवून निवडलेल्या फरशीला या धोक्याची झळ कमी लागते. मोठा फरक दिव्याने थोडा कमी-जास्त झाला तरी मोठाच राहतो.

म्हणून तपासणी घरीच करावी. आधी सामान पुसून घ्यावे, कारण धुराच्या वरच्या मळाला पॉलिश समजून फरशी निवडली तर पुढे एखाद्या दिवाळीत कपाट स्वच्छ केले की हिशेब बदलतो. ओले करून घट्ट पिळलेले फडके आणि साध्या साबणाचा थेंब यापुढे जाऊ नये. कपाटाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलकेच लावावा. थर विरघळून कापूस नारिंगी झाला तर पॉलिश लाखेचे आहे, नाही तर तेल किंवा अलीकडचे मेलामाइन, पीयू यांपैकी काही. मग निदान तीन-चार पूर्ण फरश्या मागवून सामानाच्या पायाला टेकवून जमिनीवर पसराव्यात. हाताएवढा तुकडा निरुपयोगी असतो, आणि उभा धरलेला त्याहून निरुपयोगी, कारण फरशीवर उजेड वरून पडतो. दगड असेल तर अर्ध्यावर पाणी टाकावे. ओला दगड घासून पॉलिश केल्यावर साधारण जसा दिसेल तसा दिसतो, म्हणजे कोरड्यापेक्षा बराच गडद. सकाळी, दुपारी आणि रात्री आपल्याच दिव्याखाली पाहावे. शेवटी मोबाईलने फरशी आणि सामानाचा पाय एकाच चौकटीत टिपून चित्र कृष्णधवल करावे. चित्रात पाय आणि फरशी वेगळे ओळखू येत नसतील तर उजळपणाचे अंतर पुरेसे नाही, रंगीत चित्रात ते कितीही छान दिसो.

दुसरा आक्षेप सुतारांकडून येतो: फरशी आवडेल ती घाला, सामान रंगवून जुळवून देतो. हे शक्य आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. लाकूडरंग, ज्याला सगळे स्टेन म्हणतात, तो लाकडात शिरावा लागतो. लाखेच्या किंवा तेलाच्या जुन्या थरावर तो बसत नाही, ठिपके-ठिपके होतात. त्यासाठी आधी सगळा थर खरवडून कोरे लाकूड काढावे लागते, म्हणजे धुराने आणि हातांनी दोन-तीन पिढ्यांत आलेला रंग रंध्याच्या भुशात जातो. गडद लाकूड फिके करणे तर आणखी कठीण, कारण स्टेन फक्त गडद करतो. शिवाय माळवदाच्या लाकडात खिळ्यांची भोके आणि काळे डाग आत खोलवर असतात, ते खरवडूनही निघत नाहीत. एवढे करून जुळलेले कपाट पुढच्या फरशीशी पुन्हा जुळणार नाहीच. फरशी वीस-तीस वर्षांनी बदलते, सागाचे कपाट त्याहून जास्त टिकते. ज्याचे आयुष्य जास्त त्याला प्रमाण मानावे. सामानाला हात लावायचाच असेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात किंवा लाखेचा एखादा ताजा हात एवढेच पुरे. त्याने रंग फारसा बदलत नाही, थोडा खोल होतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. लाकडाच्या चित्राची टाईल आधीच बसली आहे, आता काय? उखडणे परवडत नाही, आणि गरजही नाही. जिथे सामानाचा पाय फरशीला टेकतो तिथेच भांडण असते, म्हणून त्या दोघांत तिसरे काही आणले की बरेच मिटते. दिवाणापुढे सोलापुरी सतरंजी किंवा साधी करडी घोंगडी अंथरली, तिचा काठ दिवाणाखाली हातभर गेला, की डोळ्याला लाकूड आणि छापील लाकूड यांची थेट गाठ दिसत नाही. सतरंजीत लाल-हिरव्या पट्ट्यांचा गोंधळ असला तरी चालतो, ती कापड आहे. कपाटाखाली दगडी पट्टी किंवा गडद रंगवलेली बैठक द्यावी. आणि मुळातच छापील लाकूड हवेच असेल, तर सामानापेक्षा ठळकपणे फिकी, गाठी नसलेली, न चमकणारी टाईल घ्यावी आणि तिची छटा पिवळ्याकडे झुकलेली असावी. चकचकीत पृष्ठभागात कपाटाचेच तांबूस प्रतिबिंब पडते आणि फरशीचा रंग जागोजागी वेगळा भासतो. लॅमिनेटचा प्रश्न या भागात रंगाच्या आधी पाण्याचा आहे. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो आणि आपल्याकडे जमीन बादलीभर पाण्याने पुसतात, तेव्हा सांधे फुगतात.

शहाबादीचेही तोटे आहेत आणि ते झाकू नयेत. तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच किंवा स्वच्छतागृहाचे आम्ल सांडले की चमक खाऊन पांढरट डाग पडतो, आणि हळदीचे तेल लगेच पुसले नाही तर आत मुरते. दगडासाठीचे सीलर काही काळ मदत करते, कायमचे नव्हे. काही वर्षांनी पुन्हा घासाई करावी लागते. ज्यांना हे नको त्यांनी मातकट करड्या रंगाची, एकरंगी, न चमकणारी व्हिट्रिफाइड टाईल घ्यावी. रंगाच्या हिशेबात ती शहाबादीचे काम बरेच करते. तिच्यावर संगमरवराच्या शिरा छापलेल्या नाहीत एवढे पाहावे, आणि सांध्यात पांढरे ग्राउट न भरता टाईलपेक्षा किंचित गडद भरावे, नाही तर खोलीभर चौकटी उठतात.

दगड घेतलात तर शेवटचे एक काम गवंड्यावर सोडू नका. खाणीतून आलेल्या एकाच गाडीत निळसर, करड्या आणि पिवळट फरश्या मिसळलेल्या असतात, आणि गवंडी हाताला येईल ती बसवत जातो. सिमेंट कालवण्याआधी सगळ्या फरश्या खोलीत कोरड्याच मांडून घ्या, पाणी शिंपडून पाहा, पिवळट झाकीच्या फरश्या देव्हारा-कपाटाच्या बाजूला आणि निळसर फरश्या दाराकडे किंवा मागच्या खोलीत सरकवा. एकदा बसल्यावर हा क्रम बदलता येत नाही.